पाऊस तेवढाच, रान मात्र वेगळे

पुण्यात वर्षाला सरासरी ७४० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूर शहराची सरासरीही साधारण तेवढीच. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थचा आकडा ७३०च्या घरात आहे, आणि पावसासाठी जगभर नाव असलेल्या लंडनमध्ये तर याहून कमी, सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस होतो. नुसते पावसाचे आकडे पाहिले तर ही चारही शहरे एकाच गटात बसायला हवीत. शाळेच्या नकाशावर मात्र पुणे आणि सोलापूर निमशुष्क पट्ट्यात दिसतात, पर्थ भूमध्य सागरी हवामानात, आणि लंडन बारमाही पावसाच्या समशीतोष्ण हवामानात. सर्वांत कमी पावसाचे लंडन ओले ठरते आणि पुणे कोरडे ठरते.

हवामानाचे प्रकार पाठ करताना बहुतेकांची गाडी इथेच अडते. प्रदेशाचे नाव, पाऊस आणि झाडांची यादी पाठ होते. हा प्रदेश याच गटात का, हे मात्र कळत नाही. खरे तर एक छोटा हिशेब आला की जगातल्या कोणत्याही गावाचे हवामान कागदावर ठरवता येते. या चार शहरांच्या निमित्ताने तो हिशेब करून पाहू.

झाडांवरून सुरुवात

आज जगभर वापरले जाणारे वर्गीकरण व्लादिमिर क्योपेन या शास्त्रज्ञाचे आहे. जन्म १८४६चा, सेंट पीटर्सबर्गचा. त्याच्या लहानपणाचा काही काळ काळ्या समुद्राकाठच्या क्रिमियात गेला. क्रिमिया आणि पीटर्सबर्ग यांच्यामधल्या प्रवासात गवताळ माळ संपून जंगल कुठे सुरू होते, याकडे त्याचे लक्ष गेले, आणि पुढे तो वनस्पतींच्या अभ्यासातूनच हवामानाकडे वळला. १८८४मध्ये त्याने तापमानाच्या पट्ट्यांचा नकाशा काढला, १९००मध्ये पहिले पूर्ण वर्गीकरण मांडले आणि १९३६पर्यंत त्यात दुरुस्त्या केल्या. त्याच्यानंतर रुडॉल्फ गायगर यांनी ते काम पुढे नेले.

क्योपेनची मूळ कल्पना साधी होती. एखाद्या जागी कोणती झाडे आपसूक टिकतात, यावरून तिथल्या हवामानाच्या सीमा ठरवायच्या. जंगल कुठे थांबते, गवत कुठे सुरू होते, गवतही कुठे संपते, हे आधी पाहायचे आणि त्या रेषांवर कोणते तापमान, किती पाऊस आहे हे मग शोधायचे. म्हणून त्याच्या वर्गीकरणात हवामान आणि वनस्पती हे दोन वेगळे धडे नाहीत. वनस्पती बदलते तिथेच त्याची सीमारेषा पडते.

त्याने पाच मोठे गट केले आणि त्यांना इंग्रजीतली पहिली पाच अक्षरे दिली. ‘ए’ म्हणजे उष्ण कटिबंधातले, ‘बी’ म्हणजे शुष्क, ‘सी’ म्हणजे सौम्य हिवाळ्याचे, ‘डी’ म्हणजे कडक हिवाळ्याचे आणि ‘ई’ म्हणजे ध्रुवीय. यांपैकी चार गट तापमानावर ठरतात. ‘बी’ हा एकच गट पाण्यावर ठरतो, आणि गोंधळ होतो तोही त्याच गटात.

जमा आणि खर्च

पाऊस म्हणजे जमा, आणि बाष्पीभवन म्हणजे खर्च. महिन्याला वीस हजार मिळवणारा माणूस खेड्यात सुखाने राहील, मुंबईत त्याची ओढाताण होईल. तसेच ६०० मिलिमीटर पाऊस लंडनच्या थंड हवेत पुरून उरतो आणि सोलापूरच्या उन्हात मार्चअखेर माळ पिवळा पडतो. त्यामुळे कोरडे कोणाला म्हणायचे याची मर्यादा सगळीकडे एकच ठेवून चालत नाही. ती तापमानाप्रमाणे वरखाली व्हायला हवी.

क्योपेनच्या काळी बाष्पीभवनाची मोजमापे फार थोड्या ठिकाणी होत. म्हणून त्याने वार्षिक सरासरी तापमानालाच खर्चाचा अंदाज मानले. नियम असा:

- पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत पडत असेल, तर शुष्कतेची मर्यादा = २० × वार्षिक सरासरी तापमान + २८०
- पाऊस वर्षभर विखुरलेला असेल, तर मर्यादा = २० × तापमान + १४०
- पाऊस मुख्यतः हिवाळी सहामाहीत पडत असेल, तर मर्यादा = २० × तापमान

तापमान अंश सेल्सिअसमध्ये, उत्तर मिलिमीटरमध्ये. ‘मुख्यतः’ म्हणजे वर्षाच्या पावसाच्या ७० टक्के किंवा अधिक. उत्तर गोलार्धात उन्हाळी सहामाही एप्रिल ते सप्टेंबर धरतात, दक्षिण गोलार्धात ऑक्टोबर ते मार्च. वर्षाचा पाऊस या मर्यादेपेक्षा कमी असेल तर हवामान शुष्क गटात जाते. मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी असेल तर वाळवंटी, निम्मे ते पूर्ण यांच्या मधे असेल तर निमशुष्क.

उन्हाळ्यात पडणाऱ्या पावसाला २८०ची वाढीव अट का? कारण तो पाऊस पडतो तेव्हा ऊनही तापलेले असते, पडलेल्या पाण्यातला मोठा वाटा लगेच वाफ होऊन जातो. हिवाळ्यात पडलेले पाणी जमिनीत मुरायला वेळ मिळतो. तेवढेच पाणी, पण पडण्याची वेळ चुकली की त्याची किंमत घटते.

चार शहरांचा हिशेब

पुणे घ्या. वार्षिक सरासरी तापमान साधारण २५ अंश. पावसाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग एप्रिल ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे उन्हाळी सहामाहीत पडतो. मर्यादा झाली २० × २५ + २८० = ७८०. पाऊस ७४०. मर्यादेपेक्षा ४० मिलिमीटर कमी, म्हणून पुणे निमशुष्क. पण काठावरचे निमशुष्क. जुलैतली एक चांगली झड एवढा फरक भरून काढते.

सोलापूरचे सरासरी तापमान साडेसत्तावीस अंशांच्या जवळ आहे. मर्यादा ५५० + २८० = ८३०. पाऊस पुण्याएवढाच, तरी तूट ४०वरून ९०वर गेली. या दोन शहरांत फरक पाडला तो अडीच अंशांनी.

पर्थचे सरासरी तापमान १९ अंश. पावसाचे दिवस मे ते ऑगस्ट, आणि दक्षिण गोलार्धात हा हिवाळा. म्हणून मर्यादा नुसती २० × १९ = ३८०. पाऊस ७३०. मर्यादेच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे पर्थ शुष्क गटात येतच नाही.

लंडनचे सरासरी तापमान ११ अंश, पाऊस बारा महिने थोडाथोडा. मर्यादा २२० + १४० = ३६०, पाऊस ६००. लंडनही शुष्क गटाच्या बरेच बाहेर.

आता एक उलटा प्रयोग करू. पुण्याचा हाच ७४० मिलिमीटर पाऊस नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पडला असता तर? मर्यादा ५००वर आली असती आणि पुणे कोरड्या गटातून बाहेर पडले असते, एक थेंबही जास्त न पडता. पावसाचा एकूण आकडा, तापमान आणि हंगाम या तिन्हींतला एक जरी सोडला तरी उत्तर चुकते, ते असे.

असे का होते?

पुण्याचे कारण आपल्या रोजच्या नजरेतले आहे. जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारे नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडून वर चढतात. वर गेलेली हवा पसरते, थंड होते, आणि तिच्यातली वाफ पावसाच्या रूपाने घाटमाथ्यावर कोसळते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तिथून पुणे साधारण ६५ किलोमीटर. घाट ओलांडून हवा खाली उतरते तेव्हा ती पुन्हा गरम होते, आणि गरम हवा ढग विरवते. सह्याद्रीच्या पूर्वेला पसरलेल्या या पट्ट्याला आपण पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो. सोलापूर याच छायेत, पण आणखी आत आणि कमी उंचीवर, म्हणून जास्त तापते. सोलापुरात पावसाचा जोर जुलैपेक्षा सप्टेंबरमध्ये असतो. बंगालच्या उपसागरातून सरकत येणारे कमी दाबाचे पट्टे तेव्हा तिथवर पोहोचतात. सोलापूरकडे रब्बीची ज्वारी महत्त्वाची का, याचे उत्तरही यातच आहे. सप्टेंबरची ओल काळ्या जमिनीत साठते आणि त्या ओलीवर ज्वारी थंडीत वाढते.

पर्थचे यंत्र निराळे. सूर्य वर्षभरात उत्तर-दक्षिण सरकतो तसे हवेच्या दाबाचे पट्टेही सरकतात. त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, पर्थच्या डोक्यावर जास्त दाबाचा पट्टा बसतो. तिथे हवा वरून खाली उतरत असते, त्यामुळे ढग धरत नाहीत. हिवाळ्यात हा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि समुद्रावरचे पश्चिमी वारे पाऊस घेऊन येतात. भूमध्य समुद्राचा काठ, कॅलिफोर्निया, मध्य चिली, केप टाउन आणि नैऋत्य ऑस्ट्रेलिया ही ठिकाणे एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असूनही एकाच गटात बसतात. कारण ती सारी खंडांच्या पश्चिम बाजूला, साधारण ३० ते ४५ अक्षांशांच्या दरम्यान आहेत.

लंडन आणखी उत्तरेला, पश्चिमी वाऱ्यांच्या कायमच्या वाटेवर. अटलांटिकमधून येणाऱ्या कोमट प्रवाहामुळे ५१ अक्षांशावर असूनही तिथल्या जानेवारीचे सरासरी तापमान पाच-सहा अंश राहते. समुद्र जवळ असल्याने उन्हाळाही फार तापत नाही.

पाने कधी गळतात, ते पाहा

हवामानाचा प्रकार झाडाच्या पानांवर वाचता येतो. फेब्रुवारीत पुण्याच्या टेकड्यांवर गेलात तर सालई उघडीबोडकी उभी दिसते. गणेरीला एकही पान नसते, पण निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना पिवळीजर्द फुले लागलेली असतात. पळसही थोड्याच दिवसांत पाने टाकून फुलतो. थंडी तर संपत आलेली असते, मग पाने का टाकली? पाणी संपल्यामुळे. पानांतून सतत वाफ जाते, आणि पुढचा पाऊस जूनमध्ये. पाने टाकून देणे हा त्यावरचा उपाय.

लंडनमधला ओकही पाने टाकतो, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जमीन ओली असताना. त्याला पाणी कमी पडत नाही, ऊब कमी पडते. दोन्ही झाडे पानझडीच म्हणवतात, पण एक तहानेने पाने गाळते आणि दुसरे थंडीने.

पर्थजवळच्या जॅरा जातीच्या निलगिरीला दोन्ही वाटा सोयीच्या नाहीत. तिला पाणी हिवाळ्यात मिळते आणि तो हिवाळाही सौम्य, वाढीला चालण्याजोगा असतो. तेव्हा पाने टाकली तर वाढीचा हंगामच वाया जाईल. म्हणून ती पाने वर्षभर ठेवते, पण जाड, चिवट, तेलकट. उन्हाळ्यात त्यांतून पाणी कमी उडते. हेच तेल वणव्याला मात्र खतपाणी घालते. भूमध्य सागरी हवामानाच्या प्रदेशांत उन्हाळ्यात वणव्यांच्या बातम्या येतात, त्याला कोरडा उन्हाळा आणि अशी पाने दोन्ही कारणीभूत आहेत.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर चौथे उत्तर दिसते. १९७९मध्ये माळढोकासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या या भागात झाडे विरळ. अधूनमधून बाभूळ, हिवर, बोर, आणि बाकी सगळीकडे कुसळी, मारवेल अशी गवते. गवताचा जमिनीवरचा भाग उन्हाळ्यात वाळून जातो आणि मुळे तग धरून राहतात. पहिल्या पावसानंतर आठवडाभरात माळ हिरवा होतो. वर्षातला मोठा काळ कोरडा असलेल्या ठिकाणी खोड आणि फांद्या पोसत बसण्यापेक्षा ही रीत स्वस्त पडते.

तुलनेची टिपणे

मुख्य प्रकार एका नजरेत पाहायचे असतील तर हा तक्ता पुरेल.

| हवामान | ओळख | मुख्य कारण | स्वाभाविक वनस्पती |
|---|---|---|---|
| विषुववृत्तीय वर्षावन | सर्वांत थंड महिना १८ अंश किंवा वर, सर्वांत कोरड्या महिन्यातही ६० मिमी पाऊस | वर चढणाऱ्या उष्ण, दमट हवेचा पट्टा बाराही महिने जवळ | उंच सदाहरित जंगल, अनेक थर |
| उष्ण मोसमी | वर्षभर उष्ण, थोडे महिने कोरडे, पण एकूण पाऊस भरपूर | मोसमी वारे, किनाऱ्यालगतचे डोंगर | सदाहरित व निमसदाहरित जंगल |
| सव्हाना | वर्षभर उष्ण, लांबलचक कोरडा हंगाम | पावसाचा पट्टा ऋतूप्रमाणे सरकतो | पानझडी जंगल, उंच गवत |
| निमशुष्क | पाऊस मर्यादेच्या निम्मे ते पूर्ण | पर्जन्यछाया, समुद्रापासून अंतर | गवताळ माळ, काटेरी झुडपे |
| वाळवंटी | पाऊस मर्यादेच्या निम्म्याहून कमी | खाली उतरणारी हवा, डोंगरांचा अडसर | खुरटी झुडपे, लांब मुळांची झाडे |
| भूमध्य सागरी | सौम्य ओला हिवाळा, कोरडा उन्हाळा | जास्त दाबाचा पट्टा उन्हाळ्यात सरकून येतो | जाड पानांची सदाहरित झाडे |
| समशीतोष्ण सागरी | सौम्य हिवाळा, बारमाही पाऊस | पश्चिमी वारे, जवळचा समुद्र | ओक, बीच यांचे पानझडी जंगल |
| कडक हिवाळ्याचे | सर्वांत थंड महिना उणे ३पेक्षा खाली, सर्वांत उष्ण १०च्या वर | उच्च अक्षांश, खंडाचा अंतर्भाग | स्प्रूस, पाइन, बर्च |
| ध्रुवीय | सर्वांत उष्ण महिनाही १० अंशांखाली | तिरपे सूर्यकिरण, बर्फ | शेवाळ, दगडफूल, अतिथंड भागात काहीच नाही |

क्रम चुकला की सारे चुकते

तक्ता वापरताना प्रश्नांचा क्रम पाळावा लागतो. पहिला प्रश्न: सर्वांत उष्ण महिना १० अंशांखाली आहे का? असेल तर ध्रुवीय, काम संपले. दुसरा प्रश्न शुष्कतेचा: पाऊस मर्यादेपेक्षा कमी आहे का? असेल तर निमशुष्क किंवा वाळवंटी. इथवर दोन्ही उत्तरे ‘नाही’ आली तरच सर्वांत थंड महिना पाहायचा. तो १८ किंवा वर असेल तर उष्ण कटिबंधीय, उणे ३ ते १८ मधे असेल तर सौम्य हिवाळ्याचे, त्याहून खाली असेल तर कडक हिवाळ्याचे. काही पुस्तके उणे ३ऐवजी शून्य अंश धरतात, म्हणून आपले पुस्तक कोणता आकडा धरते ते आधी पाहावे.

नेहमी होणारी चूक म्हणजे थंड महिन्यावरून सुरुवात करणे. पुण्याचा सर्वांत थंड महिनाही २० अंशांच्या आसपास असतो. तिथून सुरुवात केली तर पुणे लगेच उष्ण कटिबंधीय गटात टाकले जाते आणि कोरडेपणाचा प्रश्न विचारायचाच राहतो. दुसरी चूक एककांची. जुन्या पुस्तकांत हेच सूत्र सेंटीमीटरमध्ये दिलेले असते, तिथे २० × तापमान + २८०ऐवजी २ × तापमान + २८ असते. सूत्र एका पुस्तकातले आणि पाऊस दुसऱ्या एककातला घेतला की राजस्थानातही वर्षावन उगवते. तिसरी चूक दक्षिण गोलार्धातली. पर्थचा जुलै हा हिवाळा आहे हे विसरले की सूत्रच बदलते.

उष्ण कटिबंधीय गटात पोहोचल्यावर आणखी एक पायरी असते. सर्वांत कोरड्या महिन्यात ६० मिलिमीटर पाऊस असेल तर वर्षावन. नसेल तर १००मधून वर्षाच्या पावसाचा पंचविसावा भाग वजा करायचा. कोरड्या महिन्याचा पाऊस या उत्तराइतका किंवा त्याहून जास्त असेल तर मोसमी, कमी असेल तर सव्हाना. अर्थ असा, की एकूण पाऊस जितका जास्त तितका कोरडा महिना चालवून घेतला जातो, कारण जमिनीतली साठलेली ओल झाडांना तारून नेते.

मुंबईवर हे करून पाहा. कुलाब्याला वर्षाला साधारण २२०० मिलिमीटर पाऊस. त्याचा पंचविसावा भाग ८८, म्हणजे उत्तर १२. कुलाब्यात फेब्रुवारी-मार्चचा पाऊस जवळपास शून्य. शून्य हे १२पेक्षा कमी, म्हणून पावसाळ्यात गुडघाभर पाण्याची ही मुंबई कागदावर सव्हाना गटात जाते. सांताक्रूझला सुमारे २४०० मिलिमीटर, तिथे उत्तर ४ येते. पाऊस २५०० झाला की उत्तर शून्यावर येते आणि गट बदलून मोसमी होतो. त्यामुळे वेगवेगळ्या नकाशांत मुंबई वेगवेगळ्या रंगात दिसली तर छपाईची चूक समजू नये. तिची जागाच सीमारेषेवर आहे.

आता तुम्ही भरा

खालच्या तक्त्यात सहा ठिकाणांचे गोळाबेरीज आकडे दिले आहेत. सहाही ठिकाणी सर्वांत उष्ण महिना १० अंशांच्या वर आहे, म्हणून पहिला प्रश्न सुटलेला आहे. शेवटचे चार रकाने रिकामे आहेत. सातवी ओळ तुमच्या गावासाठी.

| ठिकाण | वार्षिक सरासरी तापमान | सर्वांत थंड महिना | वर्षाचा पाऊस (मिमी) | पाऊस केव्हा | शुष्कतेची मर्यादा | हवामानाचा प्रकार | कारण | वनस्पती |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| रत्नागिरी | २७ | २५ | ३००० हून अधिक | मुख्यतः उन्हाळी सहामाहीत, कोरडा महिना जवळपास ० | | | | |
| नागपूर | २७ | २० | ११०० | मुख्यतः उन्हाळी सहामाहीत, कोरडा महिना सुमारे १० | | | | |
| जैसलमेर | २७ | १५ | २०० | मुख्यतः उन्हाळी सहामाहीत | | | | |
| लेह | ६ | उणे ७ | १०० | विखुरलेला | | | | |
| सिंगापूर | २८ | २७ | २१०० | विखुरलेला, कोरडा महिना सुमारे १०० | | | | |
| मॉस्को | ६ | उणे ७ | ७०० | विखुरलेला | | | | |
| तुमचे गाव | | | | | | | | |

लेह आणि मॉस्को यांच्या ओळी मुद्दाम शेजारी ठेवून पाहा. तापमान जवळपास सारखे, दोघांची मर्यादाही २६०. पण मॉस्कोचा पाऊस तिच्या अडीचपट, त्यामुळे ते शुष्क गटातून सुटते आणि थंड महिन्यामुळे कडक हिवाळ्याच्या गटात जाते. तिथे बर्च आणि स्प्रूसची राने आहेत. लेहचा पाऊस मर्यादेच्या निम्म्याहूनही, म्हणजे १३०हूनही कमी, म्हणून ते वाळवंट. वाळवंट म्हटले की वाळू आणि उकाडा डोळ्यांपुढे येतो, पण या वर्गीकरणात उणे तापमानाचेही वाळवंट असते. लेहच्या बाबतीत कारण हिमालय, कारण मोसमी वाऱ्यांची वाफ त्याच्या दक्षिण उतारांवरच संपते.

बाकीची उत्तरे पडताळण्यापुरती: रत्नागिरीची मर्यादा ८२० आणि प्रकार मोसमी, नागपूरची मर्यादा तीच पण प्रकार सव्हाना, जैसलमेर उष्ण वाळवंट, सिंगापूरची मर्यादा ७०० आणि प्रकार वर्षावन. नागपूरच्या वनस्पतींच्या रकान्यात साग, तेंदू, मोह लिहिलेत तर बरोबर. जैसलमेरच्या रकान्यात खेजडी हवीच.

हा हिशेब कुठे थकतो

आपल्या गावाची ओळ भरताना एका वर्षाचे आकडे घेऊ नयेत. पुण्यात एखाद्या वर्षी हजार मिलिमीटर पाऊस होतो, एखाद्या वर्षी पाचशेही गाठत नाही. म्हणून हवामानशास्त्रात ३० वर्षांची सरासरी धरतात, सध्या १९९१ ते २०२० या काळाची. भारतीय हवामान विभाग आपल्या केंद्रांच्या अशा सरासऱ्या प्रसिद्ध करतो. आपल्या गावात केंद्र नसेल तर जवळचे घ्यावे, पण घाट मधे येत असेल तर घेऊ नये. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि पायथ्याच्या वाईत हजारही होत नाही.

सरासऱ्या बदलल्या की गटही बदलतो. सूत्रात तापमानाला २०ने गुणले आहे, म्हणून सरासरी एका अंशाने वाढली की मर्यादा २० मिलिमीटरने वर जाते. पुण्यासारख्या काठावरच्या शहराला पाऊस न घटताही आणखी कोरडे व्हायला तेवढे पुरते.

दुसरी अडचण अशी, की सूत्राला फक्त आकाशातले पाणी कळते. सोलापूर जिल्ह्यात उजनी धरणाच्या पाण्यावर उसाचे मळे उभे आहेत. उपग्रहातून तो पट्टा हिरवागार दिसतो, पण हवामान निमशुष्कच राहते. धरणातले पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले असते. त्याच्यामुळे पीक बदलते, गट बदलत नाही. मातीचाही विचार या सूत्रात नाही. एवढाच पाऊस काळ्या जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि मुरमाड माळावर आठ दिवसांत संपतो.

या मर्यादा ध्यानात ठेवूनही वनस्पतींच्या रकान्याकडे एकदा लक्षपूर्वक पाहायला हवे. निमशुष्क ओळीत ‘गवताळ माळ’ लिहिलेले आहे, ‘पडीक जमीन’ नव्हे. सोलापूर, अहिल्यानगरच्या माळांवर जंगल नाही म्हणून ते उजाड झालेले रान समजून तिथे सरसकट रोपे लावण्याचा उत्साह दर पावसाळ्यात दिसतो. तिथे गवत आहे, कारण तापमान, पाऊस आणि हंगाम यांचा हिशेब गवताच्या बाजूने लागतो. आपल्या गावात वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरला, तर खड्डे खणण्याआधी तक्त्यातली सातवी ओळ भरावी आणि तिथे जे येते तेच लावावे.